बांबूचं बनियन, मोडालची ट्रंक: उन्हाळ्यात खरंच फरक पडतो का?

मीनल_रामबाग
इंदुरात पारा चाळिशीला टेकला की आमच्याकडे टी-शर्ट आणि आतल्या कपड्यांची खरेदी ठरलेली. यंदा क्लॉथ मार्केटपासून ऑनलाइनपर्यंत सगळीकडे एकच जप चालू आहे: बांबू, मोडाल, लायोसेल. माझ्यासमोर एका टी-शर्टचं पाकीट आहे. मागे बारीक अक्षरात लिहिलंय: बांबू ६६%, कापूस २८%, स्पॅन्डेक्स ६%. पुढे ठळक अक्षरात: नैसर्गिक जंतुरोधक, कापसापेक्षा ३ अंश थंड, ६०% जास्त घाम शोषतो, यूव्ही संरक्षण. त्याच कापडाची ट्रंक, म्हणजे पुरुषांची घट्ट, आखूड पायांची चड्डीसुद्धा आहे, साध्या सुतीच्या अडीचपट भावात. नवऱ्याचं काम फिरतीचं, भर दुपारी स्कूटरवर. सहा टी-शर्ट आणि सहा ट्रंक घ्यायच्यात. यात खरं किती आणि जाहिरात किती, ते कोणी नीट सांगेल का? "आम्हाला छान वाटलं" एवढंच नको.

पोहेजलेबी
बांबूची चड्डी टोचत नाही का हो?

धागादोरा
पोहेजलेबी, टोचत नाही, कारण त्यात बांबू म्हणावा असा काही उरलेलाच नसतो.

मीनलताई, बाजारातलं 'बांबू' कापड जवळजवळ सगळं व्हिस्कोस असतं, म्हणजे आपला जुना रेयॉन. बांबूचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून मधासारखं घट्ट द्रावण बनवतात आणि बारीक छिद्रांतून ते गंधकाम्लाच्या टाकीत सोडतात. तिथे त्याचा तंतू बनतो. लगदा निलगिरीचा असो, बीचचा असो की बांबूचा, शेवटी हाती येतं ते शुद्ध सेल्युलोज. तयार तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरला तरी तो कोणत्या झाडाचा हे सांगता येत नाही.

म्हणून 'नैसर्गिक जंतुरोधक' हा दावा सगळ्यात आधी बाद. जिवंत बांबूत असले काही गुण असतील तर ते या रसायनांच्या टाकीतून पलीकडे येत नाहीत. अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन २००९ पासून याच मुद्द्यावर कंपन्यांच्या मागे आहे. २०२२ मध्ये वॉलमार्ट आणि कोल्स या दोघांना मिळून ५५ लाख डॉलरचा भुर्दंड पडला, तो रेयॉनला बांबू म्हणून विकल्याबद्दल.

पाकिटावर 'बांबू व्हिस्कोस' लिहिलं असेल तर विकणारा निदान खरं बोलतोय. नुसतं 'बांबू' लिहिलं असेल तर बाकीचे दावेही तितक्याच सैल हाताने लिहिलेत असं धरून चाला.

मुरारकाका_ग्वाल्हेर
यात नवं काही नाही. १९४७ साली आमच्या ग्वाल्हेरला ग्वालियर रेयॉन निघाली, तीच आजची ग्रासिम. व्हिस्कोस तंतूचा कारखाना १९५४ पासून तुमच्या नागद्याला. पुढे साठच्या दशकात केरळात मावूरला याच कंपनीचा लगद्याचा कारखाना झाला आणि तिथे लगदा बनायचा तो केरळच्या जंगलातल्या बांबूचा. चालियार नदीच्या प्रदूषणावरून गाजला तोच हा कारखाना. म्हणजे बांबूचं रेयॉन या देशात लोकांनी तेव्हाच नेसलं, पण पाकिटावर बांबूचं चित्र काढून अडीचपट भाव लावायचं तेव्हा कोणाला सुचलं नाही!

पोहेजलेबी
काका, म्हणजे आजीची रेयॉनची साडी आज 'इको-फ्रेंडली बांबू' म्हणून खपली असती. भिया, धंदा हुकला.

अनिकेत_बडोदा
म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो, बांबू-मोडाल सोडा आणि सरळ लायोसेल घ्या. त्यात केमिकल अजिबात नसतं, घाम ओढतं आणि पटकन वाळतं. ओळखायचं असेल तर एक दोरा जाळून बघा. कागदासारखा वास आला तर खरं बांबू किंवा लायोसेल, प्लॅस्टिकचा वास आला तर फसवणूक.

धागादोरा
अनिकेत, अर्धं बरोबर आहे.

लायोसेलही लाकडाच्या लगद्याचंच. त्याला कार्बन डायसल्फाइड लागत नाही हे खरं, पण विरघळवायला द्रावक लागतोच. तो बंद चक्रात फिरतो आणि ९९% हून अधिक परत मिळवून वापरला जातो. विषारी वायू नाही, कामगारांना त्रास कमी, हा मोठा फायदा. पण तो कारखान्यातला फायदा आहे. व्हिस्कोसच्या धुऊन-पुसून तयार झालेल्या कापडातही कार्बन डायसल्फाइड अंगाला लागण्याइतकं उरत नाही.

पटकन वाळतं हे मात्र चूक. ही सगळी मंडळी पाणीप्रेमी. पटकन वाळतं पॉलिएस्टर, कारण ते पाणी आत घेतच नाही.

जाळून बघण्याचंही तेच. कापूस, व्हिस्कोस, मोडाल, लायोसेल सगळे कागदासारखेच जळतात आणि मऊ राख सोडतात. काळी कडक गोळी राहिली तर पॉलिएस्टरची मिसळ आहे, एवढंच त्यातून कळतं. सुती बनियन बांबू म्हणून विकलं तर ते या परीक्षेत पहिल्या नंबरने पास होईल.

अनिकेत_बडोदा
मग घरी ओळखायचं तरी कसं? लॅबला कोण पाठवणार?

धागादोरा
एक जुनी युक्ती आहे. व्हिस्कोस ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. कापूस उलट ओला झाल्यावर थोडा मजबूत होतो. शिवणीच्या आतल्या बाजूला जास्तीचं कापड असतं, त्याच्या कापलेल्या कडेतून एक दोरा हळूहळू उसवून काढा. शिलाईचा दोरा घेऊ नका, तो बहुतेक पॉलिएस्टरचा असतो. सोबत रबरासारखा ताणणारा स्पॅन्डेक्सचा तंतू आला तर तो वेगळा करा. दहा-बारा सेंटिमीटर दोऱ्याचा फक्त मधला दोन सेंटिमीटर भाग ओला करा, मिनिटभर थांबा आणि दोन्ही टोकं धरून सावकाश ओढा. पाच-सहा दोऱ्यांवर हे करून बघा. दर वेळी ओल्या जागीच तुटला तर व्हिस्कोस. कोरड्या जागी तुटत असेल तर कापूस. लायोसेल ओलेपणी फारच थोडी ताकद गमावतं, म्हणून तिथे निकाल स्पष्ट येत नाही. आणि मीनलताईंच्या पाकिटासारखी मिसळ एकाच दोऱ्यात असेल तरी गोंधळ होतो.

मोडाल या दोघांच्या मधे. तेही रेयॉनच, बहुधा बीचच्या लाकडाचं, पण ओल्या अवस्थेत जास्त टिकावं म्हणून वेगळ्या पद्धतीने काढलेलं. धुण्यात आकार धरून ठेवायला ते साध्या व्हिस्कोसपेक्षा बरंच चांगलं.

शारदा_सुदामानगर
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मुलाला जांघेत गजकर्ण झालंय, बरं होतं आणि परत येतं. दुकानदार म्हणाला बांबूच्या चड्ड्या घाला, जंतू मरतात. सहा आणल्यासुद्धा. आता त्या फेकून देऊ का?

डॉ_नको_ताई_म्हणा
शारदाताई, फेकू नका, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. कोणत्याही चड्डीने गजकर्ण बरं होत नाही. बुरशीला ओल आणि ऊब लागते, म्हणून चड्डी ओली झाली की बदलायची, दिवसातून दोनदा लागली तरी. अंघोळीनंतर जांघ पूर्ण कोरडी करून मगच कपडे घालायचे. टॉवेल त्याचा वेगळा. मेडिकलवर मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं अजिबात लावू नका. त्यांनी खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते आणि पुढे औषधाला दाद देत नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी जितके आठवडे सांगितलेत तितके पूर्ण करा. बरं वाटलं म्हणून मधेच सोडलं की ते परत येतं.

इथे कापडाचाही एक मुद्दा आहे. अशा वेळी कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुतलेले बरे. सुती चड्डी ते मुकाट सोसते, पण व्हिस्कोस-स्पॅन्डेक्सवाली त्या पाण्यात दर वेळी थोडी आटते आणि तिची लवचीकता लवकर जाते. म्हणून बरं होईपर्यंत साध्या सुती, थोड्या सैल चड्ड्याच सोयीच्या.

शारदा_सुदामानगर
मलम मेडिकलवरचंच चालू होतं. नाव बघते आणि उद्याच डॉक्टरांना दाखवते.

मीनल_रामबाग
जंतू कळले. आता ३ अंश थंड आणि ६०% जास्त घाम यांचं काय?

धागादोरा
ही दोन्ही अर्धसत्यं आहेत, म्हणूनच ती खपतात.

थंडाव्याचं आधी. हे तंतू गुळगुळीत असतात, त्वचेला सपाट टेकतात आणि मुळातच थोडं जास्त पाणी धरून असतात. म्हणून हात लावताच अंगातली उष्णता पटकन ओढतात आणि गार लागतं. दुकानात हाताला भुलवतो तो हाच गारवा. पण कापड काही क्षणांत अंगाइतकं गरम होतं आणि खेळ संपतो. दुपारी स्कूटरवर ३ अंश कमी राहतील असा त्याचा अर्थ नाही.

आता घाम. साधारण खोलीच्या हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल धरतो, लायोसेल ११ आणि व्हिस्कोस-मोडाल १३ च्या आसपास. साडेआठाचे आठच धरले की आठाचे तेरा, म्हणजे झाले ना साठ टक्के जास्त! पण दीडशे ग्रॅमच्या टी-शर्टावर हिशोब मांडा. कापसात सुमारे १२ ग्रॅम पाणी, व्हिस्कोसमध्ये १७. फरक पाच ग्रॅमचा, म्हणजे एक छोटा चमचा. भर उन्हात चालणारा माणूस तासाभरात अर्धा लिटर घाम सहज गाळतो. तिथे हा चमचा कुठे पुरणार?

शिवाय घाम गारवा देतो तो उडून जाताना, आणि तोही त्वचेवरून उडाला तर जास्त. कापडाने तो पिऊन धरून ठेवला तर अंगाला त्याचा उपयोग कमीच.

अनिकेत_बडोदा
हे मात्र बडोद्याला पटतं. इथे जून लागला की व्हिस्कोसचा टी-शर्ट ओला होऊन पाठीला चिकटतो तो संध्याकाळपर्यंत सोडत नाही. कापूस निदान थोडा उभा राहतो.

धागादोरा
बरोबर. व्हिस्कोस ओलं झालं की लुळं पडतं आणि वजनाने खाली लोंबतं. कापसाचा तंतू ओला झाल्यावरही जरा ताठ असतो, म्हणून मधे हवा राहते.

एप्रिल-मे मध्ये इंदूर-ग्वाल्हेरची हवा इतकी कोरडी असते की घाम कापडात साचायच्या आधीच उडतो. तेव्हा कोणतंही पातळ, सैल कापड चालतं आणि मोडालही छान वाटतं. पावसाळा लागला की आपलं बडोदा होतं. त्यामुळे "उन्हाळ्यासाठी चांगलं का" याचं उत्तर मे आणि जुलैमध्ये वेगळं आहे.

मुरारकाका_ग्वाल्हेर
मलमलचं बनियन आणि वर सैल सुती सदरा. विषय संपला.

पोहेजलेबी
काका, नवी पिढी मलमलचं बनियन घालून इंस्टावर फोटो टाकत नाही.

ओव्हरलॉक_वृषाली
शिवणकामाच्या बाजूने सांगते. तुम्ही सगळे तंतूवर अडलात, पण गरम होणं जास्त ठरतं ते कापडाच्या वजनावर. ते मोजतात जीएसएममध्ये, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरतं. ही बांबू-मोडालची होजिअरी बहुतेक १८० ते २०० जीएसएमची येते, कारण पातळ केली की ती फारच लोंबते आणि आरपार दिसते. उन्हाळी टी-शर्टला १४० ते १६० पुरे. त्यात स्पॅन्डेक्स घातला की कापड आणखी दाट विणलं जातं आणि अंगाला बसतं.

पाकिटावर जीएसएम नसेल तर घरी काढता येतो. टी-शर्ट सपाट पसरा. छातीची रुंदी गुणिले लांबी गुणिले दोन. ५२ बाय ७० चा असेल तर ७,२८० चौरस सेंटिमीटर. दोन्ही बाह्यांचे साधारण १,६०० धरा. गळ्याचे आणि खांद्याच्या उताराचे चारशेएक वजा करा. म्हणजे जवळपास ८,५००, अर्थात ०.८५ चौरस मीटर. आता किचनच्या काट्यावर टी-शर्टचं वजन करा आणि त्याला ०.८५ ने भागा. १३० ग्रॅम भरला तर जीएसएम १५३, १७० भरला तर २००. गळ्याची पट्टी आणि शिवणी धरून पाच-दहाचा फरक पडेल, पण पातळ की जाड हे नक्की कळतं.

आणि यूव्हीचं म्हणाल तर तो गुण वीण किती दाट आणि रंग किती गडद यावर आहे. गडद निळा, दाट विणीचा सुती टी-शर्ट ऊन जास्त अडवतो, पांढरा पातळ बांबू कमी.

धागादोरा
वृषालीताईंनी माझं काम हलकं केलं. ट्रंकचा हिशोब मात्र वेगळा आहे. तिथे कापड अंगाला घट्टच असणार, त्यामुळे वाऱ्याचा प्रश्न नाही, प्रश्न मांडीच्या घर्षणाचा आहे. मोडाल इथे पैसे वसूल करतं. तंतू गुळगुळीत आणि बारीक, मांडीला घासत नाही, बऱ्याच धुण्यांनंतरही सुतीसारखं खरखरीत होत नाही. मायक्रोमोडल, म्हणजे आणखी बारीक तंतूचं मोडाल, ९२-९३% आणि बाकी स्पॅन्डेक्स ही ट्रंकसाठी चांगली जोडी. बांबू व्हिस्कोसची ट्रंक सुरुवातीला तितकीच मऊ लागते, पण बिघडते ती मांडीच्या आतल्या बाजूला. घामाने ओलं, म्हणजे निम्म्या ताकदीचं कापड आणि वर घर्षण. आधी गोळे येतात, मग कापड विरळ होतं, मग भोक. स्कूटरवर बसणाऱ्यांचं लवकर.

लायोसेल ताकदीला सगळ्यांत सरस, पण त्याचा वेगळा रोग आहे. ओलं असताना घासलं की तंतूच्या अंगावर बारीक कुसं निघतात आणि गडद रंगावर पांढुरकी झाक येते. काळ्या ट्रंकवर ती आधी मांडीपाशी दिसते. हे होऊ नये म्हणून प्रक्रिया केलेलं लायोसेलही मिळतं, पण पाकिटावर ते क्वचितच लिहितात. म्हणून लायोसेल घ्यायचं तर फिक्या रंगात.

मुरारकाका_ग्वाल्हेर
कोरडं असताना घासत नाही हे मान्य. पण दोन तास घामात भिजल्यावर मोडाल काय नि सुती काय, मांडी सोलायची ती सोलतेच. तिथे ट्रंकच्या पायाची लांबी कामाला येते, मांडीवर मांडी घासू नये इतकी.

धागादोरा
काका, लांबीचं एकदम मान्य. भिजल्यावर फरक उरत नाही हे मात्र मला तितकंसं पटत नाही. कमी होतो, पण संपत नाही असं माझं मत.

मुरारकाका_ग्वाल्हेर
मत तुमचं, मांडी माझी.

ओव्हरलॉक_वृषाली
😀 धुण्याचं राहिलं. पहिल्या दोन-तीन धुण्यांआधी मऊपणावर मत बनवू नका, दुकानातला लोण्यासारखा मऊपणा बऱ्याचदा वरून लावलेल्या सिलिकॉनचा असतो आणि तो धुऊन जातो. घरी फॅब्रिक कंडिशनर घालू नका, त्याचा थर बसून पाणी शोषायची शक्ती कमी होते. बोअरिंगच्या जड पाण्यात साबण वडीचा असेल तर कपडे कडक होतात, लिक्विड डिटर्जंट कमी मापात घ्या. कपडा उलटा करून जाळीच्या पिशवीत, पाणी ३० अंश, स्पिन कमी. ब्लीच नाही, स्पॅन्डेक्स पिवळा पडून मरतो. टी-शर्ट खांद्याला क्लिप लावून लटकवू नका, ओल्या वजनाने लांबी वाढते. दोरीवर पोटातून दुमडून टाका.

मीनल_रामबाग
सगळ्यांचे आभार. पाकीट फोडून वजन केलं. टी-शर्ट एम साइज, छाती ५२, लांबी ७०, भरला १६८ ग्रॅम. म्हणजे वृषालीताईंच्या हिशोबाने जवळपास १९८ जीएसएम. सुती १४५ जीएसएमचे टी-शर्ट दुसऱ्या दुकानात आहेत, सैल घेतले तर बसतील. हा परत करते. ट्रंक मात्र मोडालची बघू का, की मिसळवाली ही चालेल?

धागादोरा
टी-शर्टचा निर्णय योग्य. ट्रंक एकदम सहा घेऊ नका. दोन मायक्रोमोडलच्या आणा. मांडीच्या भागावर दहा सेंटिमीटर अंतरावर दोऱ्याचे दोन टाके घाला आणि तीन धुण्यांनंतर मोजा. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त आटलं, म्हणजे पाच टक्क्यांच्या वर गेलं, तर तो ब्रँड सोडा किंवा एक साइज मोठी घ्या. बाकीच्या चार त्यानंतर. मिसळवाल्या बांबूला अडीचपट भाव द्यायचं मला तरी काही कारण दिसत नाही.

अनिकेत_बडोदा
आणि जुलैत मिळेल तेवढ्या वेळात ट्रंक वाळवायची कशी? मोडाल इथे रात्रभर पंख्याखाली टाकली तरी कमरेच्या इलॅस्टिकपाशी ओली राहते.

ओव्हरलॉक_वृषाली
कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून वर पाय देऊन दाबायची, मग कमरेकडची बाजू वर करून पंख्याखाली. तरी राहिली तर इलॅस्टिकवर इस्त्री फिरवू नका, स्पॅन्डेक्स वितळतो. दोन जास्तीच्या सुती ठेवा पावसाळ्यासाठी.